पाकिटातले पाच कोटी, प्लेटवरच्या अठ्ठ्याहत्तर वसाहती

सोयाबीन पेरायच्या आधी बियाण्याला जिवाणू खत चोळतात. पाकिटात लिग्नाइटची काळी, ओलसर भुकटी असते आणि तिच्यात रायझोबियम वर्गातले जिवाणू. खत नियंत्रण आदेशात २००६ साली जैविक खतांचा समावेश झाला, आणि त्यात अशा भुकटीच्या रायझोबियम खतासाठी दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू अशी अट आहे. आकडा प्रचंड वाटतो, पण शेतात तो लवकर संपतो. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट वापरलं आणि शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर बियाणं होतं साधारण ८३ हजार दाणे. पाकिटातले सगळे १,२५० कोटी जिवाणू दाण्यांवर सारखे बसले, तरी एका दाण्याच्या वाट्याला दीड लाखच येतात. त्यातले बरेचसे उन्हाने आणि कोरड्या मातीने पेरणीनंतर लगेच मरतात.

पाकीट अटीत बसतं की नाही, हे प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो. कोट्यवधी जिवाणू मोजणं अवघड, ही गोष्ट सगळ्यांना पटते. मोजलेला आकडा कागदावर नीट मांडणं त्याहून अवघड असतं, हे मात्र अहवाल वाचायला बसल्याशिवाय कळत नाही. काम चोख झालेलं असतं, वसाहती बरोबर मोजलेल्या असतात, आणि तरीही अहवालातल्या दोन ओळींमुळे चांगलं पाकीट नापास किंवा वाईट पाकीट पास होऊ शकतं.

मोजणीची रीत जुनीच आहे. जोसेफ लिस्टर यांनी १८७८च्या सुमारास नासलेलं दूध उकळलेल्या पाण्यात इतकं पातळ केलं, की एका थेंबात सरासरी एखादाच जिवाणू यावा. त्यांना एकाच जातीचा जिवाणू वेगळा काढायचा होता. आपल्याला संख्या हवी असते, पण युक्ती तीच. नमुना पायरीपायरीने दहा-दहा पट विरळ करत न्यायचा, शेवटी मोजता येतील इतकेच जिवाणू प्लेटवर पसरायचे, प्रत्येकाची वसाहत वाढू द्यायची, त्या मोजायच्या आणि जितक्या पटीने विरळ केलं तितक्या पटीने गुणत मागे यायचं. प्रयोगशाळेत याला सिरियल डायल्यूशन म्हणतात.

आपल्या पाकिटाचं काय होतं ते पाहू. भुकटी नीट कालवून १० ग्रॅम तोलून घेतली आणि ९० मिली निर्जंतुक पाण्यात टाकून शेकरवर दहा मिनिटं हलवली. ही पहिली पायरी, 10⁻¹, म्हणजे दहापट विरळ. त्यातलं १ मिली, ९ मिली निर्जंतुक पाणी असलेल्या नळीत टाकलं आणि नळी चांगली ढवळली, की 10⁻². दर वेळी नवी पिपेट घेऊन असंच पुढे 10⁻⁶ पर्यंत. मग 10⁻⁴, 10⁻⁵ आणि 10⁻⁶ या तीन नळ्यांतून प्रत्येकी ०.१ मिली घेऊन काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल अगारच्या तीन-तीन प्लेटांवर पसरलं. या माध्यमावर रायझोबियमच्या वसाहती पांढुरक्या, चमकदार, डिंकासारख्या दिसतात. बाहेरून शिरलेले बरेचसे जिवाणू मात्र लाल रंग शोषून घेतात, त्यामुळे वेगळे ओळखू येतात.

हे लिहिताना पहिली ठेच '१:१०' या चिन्हावर लागते. कोणाला त्याचा अर्थ एक भाग नमुना आणि दहा भाग पाणी असा वाटतो, म्हणजे अकरापट विरळ. कोणाला एकूण दहा भागांत एक भाग, म्हणजे दहापट. एका पायरीला हा फरक किरकोळ, पण प्रत्येक पायरीला तो गुणला जातो. पाच पायऱ्यांनंतर अकरापटवाल्याची नळी एक लाखाऐवजी सुमारे १ लाख ६१ हजार पट विरळ झालेली असते. तेव्हा चिन्ह सोडावं आणि कृती लिहावी: '१ मिली, ९ मिलीमध्ये'. असं लिहिलं की दुसरा अर्थ निघत नाही.

दुसरी ठेच उणे चिन्हाची. नळी 10⁻⁵ इतकी विरळ, पण मागे येताना गुणायचं 10⁵ ने. दोन्ही बरोबर, फक्त एका अहवालात त्यांची सरमिसळ नको. माझा आग्रह असा, की नळीचं नाव कायम उणे घाताने द्यावं आणि गुणाकार फक्त हिशेबाच्या ओळीत दिसावा. शिवाय मजकूर एका फाइलमधून दुसरीत नेताना वर चढवलेला घात खाली उतरतो आणि 10⁷ चं 107 होतं. मी अहवाल हातात आला की आधी हेच शोधते, कारण एकशे सात जिवाणूंचं खत कोणी बनवत नाही.

सगळ्यात महागात पडते ती मात्र ०.१ मिलीची गोष्ट. नळीतलं द्रव प्रति मिली मोजायचं असतं, पण प्लेटवर एक मिली गेलेलंच नसतं, त्याचा दहावा भाग गेलेला असतो. हा दहाचा गुणक हिशेबात एकदाच यायला हवा. काही जण तो विसरतात. काही जण प्लेटवर लेबल लावतानाच तो मिसळतात, म्हणजे 10⁻⁵ च्या नळीतून ०.१ मिली टाकलेल्या प्लेटवर '10⁻⁶' लिहितात, आणि नंतर हिशेबात पुन्हा दहाने गुणतात. प्लेटवरच्या '10⁻⁶' चा अर्थ नळी की प्लेट, हे मोजणाऱ्याच्या डोक्यात स्पष्ट असतं. वाचणाऱ्याकडे ते डोकं नसतं.

या प्लेटा २८ अंशांवर ठेवल्या. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम संथ वाढतो, त्याला पाच ते दहा दिवस द्यावे लागतात. तिसऱ्या दिवशी मोजणाऱ्याला जवळपास रिकामी प्लेट दिसेल आणि तो पाकीट मेलेलं ठरवेल. म्हणून वसाहती कितव्या दिवशी मोजल्या हे पद्धतीच्या भागात यायलाच हवं. इथे त्या आठव्या दिवशी मोजल्या आहेत असं धरू.

आता निकालाचा भाग. इथे अनेक अहवाल थेट शेवटचा आकडा देतात, आणि तिथेच वाचणाऱ्याची वाट बंद होते. आधी प्लेटांवर जे दिसलं ते जसंच्या तसं द्यावं:

| नळी | प्लेटवर पसरलेलं | वसाहती (तीन प्लेटा) |
|---|---|---|
| 10⁻⁴ | ०.१ मिली | मोजण्यापलीकडे दाट |
| 10⁻⁵ | ०.१ मिली | ७४, ८१, ७९ |
| 10⁻⁶ | ०.१ मिली | ९, ६, ८ |

या छोट्या कोष्टकात बरंच काही आहे. पहिल्या ओळीतल्या प्लेटा रिकाम्या सोडलेल्या नाहीत, त्या दाट होत्या असं नोंदवलं आहे. तिथे पावणेआठशेच्या आसपास वसाहती असणार, हे खालच्या ओळीवरून कळतं. पण इतक्या गर्दीत वसाहती एकमेकींत मिसळतात, काही खुरटतात, आणि मोजलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. म्हणून साधारण ३० ते ३०० वसाहतींचीच प्लेट हिशेबात घेतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुस्तिकेत हीच मर्यादा २५ ते २५० आहे. कोणतीही वापरा, पण कोणती वापरली ते मोजणीच्या आधी ठरवून पद्धतीत लिहा.

३० च्या खालचं का नको, हेही याच कोष्टकात दिसतं. तिसऱ्या ओळीतल्या एकेका प्लेटवरून हिशेब केला, तर ९ वसाहतींची प्लेट ग्रॅमला ९ कोटी म्हणते आणि ६ वसाहतींची प्लेट ६ कोटी. पाकीट तेच, नळी तीच. थोड्या वसाहती असल्या की निव्वळ योगायोगाचा हिस्सा मोठा होतो. मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ हा त्या योगायोगाचा साधारण माप धरतात. आठाचं वर्गमूळ जवळजवळ तीन, म्हणजे तिसऱ्याहून जास्त हिस्सा डळमळीत. पाकीट जर पाच कोटींच्या सीमेवर असतं, तर यातली सोयीची प्लेट निवडून त्याला पास किंवा नापास करता आलं असतं. म्हणूनच मर्यादा आधी ठरवायची.

उरली मधली ओळ. ७४, ८१ आणि ७९ ची सरासरी ७८. हिशेब असा:

78 ÷ (0.1 × 10⁻⁵) = 7.8 × 10⁷

म्हणजे दर ग्रॅमला ७ कोटी ८० लाख, पाकीट पास. आता यातलं 0.1 विसरून बघा. उत्तर येतं ७८ लाख, आणि चांगलं पाकीट नापास. तोच गुणक दोनदा घेतला तर ७८ कोटी, आणि पाच कोटींच्या वर जायची ज्याची लायकी नाही असं पाकीटही याच चुकीने सहज वर जाईल. तिन्ही उत्तरं दिसायला सारखीच सभ्य असतात. फक्त शेवटचा आकडा छापला तर चूक कोणालाच पकडता येत नाही. वर वसाहती, नळी आणि मिली हे तिन्ही दिले असले, तर कोणीही पेन्सिल घेऊन अर्ध्या मिनिटात ती पकडतो. निदान एका नमुन्याचा हिशेब आकडे घालून, पूर्ण ओळीत अहवालात यावा. बाकी नमुन्यांची नुसती उत्तरं दिली तरी चालतं.

उत्तरापुढे एककही नीट हवं. आपण जिवाणू मोजलेच नाहीत, वसाहती मोजल्या. रायझोबियम चिकट असतो, दोन-चार पेशी एकत्र किंवा लिग्नाइटच्या कणाला धरून बसतात आणि त्या सगळ्यांची मिळून एकच वसाहत उगवते. म्हणून 'पेशी' न लिहिता 'सीएफयू', म्हणजे वसाहत तयार करणारे घटक, असं लिहितात. शिवाय ग्रॅम कोणता? भुकटीत ३५ टक्के ओलावा असेल, तर ओल्या ग्रॅममधले ७.८ कोटी म्हणजे कोरड्या ग्रॅममधले १२ कोटी. दोन प्रयोगशाळांचे अहवाल जुळत नाहीत तेव्हा बऱ्याचदा भांडण इथेच असतं, आणि 'ओल्या वजनावर' एवढे दोनच शब्द राहून गेलेले असतात.

तिसरी ओळ हिशेबात घेतली नाही, तरी कोष्टकात ठेवण्याला कारण आहे. ती मधल्या ओळीची साक्षीदार आहे. डायल्यूशन खरोखर दहापट झालं असेल, तर एका नळीपासून पुढच्या नळीपर्यंत वसाहती साधारण दहाव्या भागावर यायला हव्यात. इथे ७८ वरून सरासरी ७.७, म्हणजे ठीक. समजा ७८ वरून ३० वरच आल्या असत्या तर? तर बहुतेक एकच पिपेट सगळ्या नळ्यांत फिरली आहे. तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं दाट द्रव पुढच्या नळीत उतरत जातं आणि घसरण हवी तेवढी होत नाही. उलट ७८ वरून थेट १ वर आल्या, तर नळी ढवळली नसेल आणि पिपेटमध्ये वरचं विरळ पाणी आलं असेल. अशा वेळी सरासरी काढून पुढे जाण्यात अर्थ नसतो, डायल्यूशन पुन्हा करावं लागतं.

काही चुका मात्र या कसोटीतूनही निसटतात, कारण त्या प्रत्येक पायरीला सारख्याच होतात. ९ मिली पाणी नळ्यांत भरून मग ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलं, तर त्यातलं थोडं उडून जातं. ते ८.५ मिली उरलं, तर नळी दहापट नव्हे, साडेनऊपटच विरळ होते. शेकरवरची पहिली पायरी सोडली तरी 10⁻⁵ पर्यंत अशा चार नळ्या लागतात, आणि दहा हजारांऐवजी खरं गुणोत्तर ८,१४५ भरतं. आपण मात्र दहा हजारानेच गुणतो, म्हणून उत्तर सुमारे २३ टक्क्यांनी फुगतं. पिपेट दर वेळी १ ऐवजी ०.९५ मिली सोडत असेल, तर उलट होतं आणि चार पायऱ्यांत उत्तर सुमारे १७ टक्क्यांनी घटतं. प्लेटांकडे बघून यातलं काहीच कळत नाही. दोन-चार नळ्यांतलं पाणी मोजून पाहणं आणि पिपेटने सोडलेलं पाणी तराजूवर तोलणं हाच उपाय. म्हणून 'पाणी निर्जंतुक करून नंतर नळ्यांत भरलं' हे वाक्य पद्धतीत असलं, की मला त्या अहवालाबद्दल विश्वास वाटतो. लिहिणाऱ्याने या गोष्टीचा विचार केला होता, एवढं तरी कळतं.

हे सगळं लक्षात घेतल्यावर पद्धतीचा परिच्छेद फार लांब होत नाही. असा लिहिता येईल: '१० ग्रॅम नमुना ९० मिली निर्जंतुक पाण्यात १० मिनिटं हलवला (10⁻¹). पुढे दर पायरीला १ मिली, ९ मिली निर्जंतुक पाण्यात, नवी पिपेट वापरून, 10⁻⁶ पर्यंत. पाणी निर्जंतुकीकरणानंतर नळ्यांत भरलं. 10⁻⁴ ते 10⁻⁶ या नळ्यांमधून प्रत्येकी ०.१ मिली तीन प्लेटांवर पसरलं. २८ अंश सेल्सिअस, वसाहती आठव्या दिवशी मोजल्या. ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटा हिशेबात घेतल्या.' सांगण्यासारखं सगळं यात आहे. पिपेट कशी धरली, बर्नर कधी पेटवला, हातमोजे घातले का, हे लिहू नये. विद्यार्थ्यांच्या अहवालांत बर्नरवर तीन ओळी असतात आणि ०.१ मिलीचा उल्लेखच नसतो.

निकालात आकडा किती बारीक लिहायचा, यावरही एक शब्द. सरासरी काढताना कॅल्क्युलेटर दशांशानंतर सहा आकडे दाखवतो, म्हणून अहवालातही ते उतरतात. तीन प्लेटांवर मिळून २३४ वसाहती मोजल्या, त्यांचं वर्गमूळ सुमारे १५. म्हणजे फक्त योगायोगामुळेच उत्तरात साधारण १३ टक्के इकडे-तिकडे होण्याला जागा आहे, हे दुप्पट वर्गमूळ धरून. तेव्हा दोन अर्थपूर्ण आकडे पुरेत: 7.8 × 10⁷ सीएफयू प्रति ग्रॅम, आणि सोबत अंदाजे ६.८ ते ८.८ कोटी अशी मर्यादा. ती पूर्ण पाच कोटींच्या वर आहे, म्हणून पाकीट पास म्हणणं निर्धास्त. मर्यादेचं खालचं टोक पाच कोटींच्या खाली घसरलं असतं, तर 'पास' असा एकच शब्द लिहून मोकळं होता आलं नसतं. ही मर्यादा फक्त वसाहतींच्या योगायोगाची आहे, पिपेटच्या आणि पाण्याच्या चुका तिच्यात धरलेल्या नाहीत, हेही तिथेच लिहिलेलं बरं.

शेवटी शून्याचा प्रश्न. याच आदेशात दुसरी अट आहे, की एक लाख पट विरळ केलेल्या नमुन्यात परका जिवाणू दिसू नये. आपल्या तिन्ही 10⁻⁵ प्लेटांवर लाल किंवा वेगळी दिसणारी एकही वसाहत आली नाही. अहवालात मग 'भेसळ: शून्य' असं पडतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पाकिटात रायझोबियमशिवाय काहीच नाही. पण त्या प्लेटांनी बघितलं किती? प्रत्येकी ०.१ मिली, तिन्ही मिळून ०.३ मिली, तेही एक लाख पट विरळ. एखादी वसाहत दिसायला दर ग्रॅममध्ये परके जिवाणू लाखांच्या घरात असावे लागतात. त्या तिन्ही प्लेटांत मिळून एक वसाहत आली असती, तर हिशेब असा झाला असता:

1 ÷ (0.3 × 10⁻⁵) ≈ 3.3 × 10⁵

म्हणजे ग्रॅमला सुमारे ३ लाख ३० हजार. त्याखालची भेसळ या प्लेटांना दिसतच नाही, आणि योगायोगाने त्याहून थोडी जास्त असलेलीही निसटू शकते. पाकीट अट पाळतं, यात शंका नाही, पण त्यात परका जिवाणू नाहीच असं या प्रयोगाने सिद्ध होत नाही. निकालात लिहायचं ते असं: '10⁻⁵ नळीतून ०.१ मिली पसरलेल्या तीन प्लेटांवर भेसळीची वसाहत आढळली नाही, म्हणजे अंदाजे 3.3 × 10⁵ सीएफयू प्रति ग्रॅमपेक्षा कमी.'